रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल: देखभालीतल्या या चुका टाळा

"रिव्हॉल्व्हर दगा देत नाही, पिस्तूल अडकतं" हे ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक परवानाधारकांचं ठाम मत असतं. ते अर्धंच खरं आहे. या अर्ध्या सत्यावर विसंबून लोक रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं उघडूनही पाहत नाहीत.

दोन्ही हत्यारांतला मूळ फरक यंत्रणा कशाच्या जोरावर फिरते हा आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये तो जोर तुमच्या बोटाचा असतो. चाप ओढला की घोडा मागे जातो, सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि घोडा सुटतो. काडतूस उडालं काय, फुसकं निघालं काय, पुढच्या वेळी चाप ओढल्यावर पुढचं घर समोर येतंच. पिस्तुलात हे काम उडालेलं काडतूस करतं. त्याच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंग स्लाइडला परत पुढे ढकलताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये नेते. म्हणून पिस्तूल काडतूस, मॅगझिन आणि हाताची पकड या तिन्हींवर अवलंबून असतं. रिव्हॉल्व्हरला या गोष्टींची फारशी पर्वा नसते, पण तो एकदा अडला की जागच्या जागी सुटणं अवघड.

चूक पहिली: रिकामं करताना क्रम चुकवणं

तपासणी असो वा सफाई, सुरुवात इथूनच. पिस्तुलाचं आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये जातं. मग मॅगझिन काढलं तरी हत्यार भरलेलंच राहतं. रिव्हॉल्व्हरची सहाही घरं एकेक करून पाहायची. नळीचं तोंड सतत सुरक्षित दिशेला आणि काडतुसं त्या टेबलावरून दूर.

चूक दुसरी: "रिव्हॉल्व्हरला काय होतंय?"

२०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला संपली. अशा वेळी जमा केलेलं हत्यार परत येतं ते नेमकं पावसाच्या तोंडावर. समजा, असाच एक ३२ बोअरचा रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरसकट अडीच-तीन महिने पडून होता. आता चाप जड लागतो आणि सिलिंडर मध्येच अडखळतो. बहुतेक जण इथे वरून तेल सोडतात. त्याऐवजी दोष शोधा.

रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढा, हळूच परत सोडा, आणि असं सहा वेळा करा. प्रत्येक घराला सारखाच जडपणा लागला तर सिलिंडरच्या आसावर तेल सुकून चिकट झालेलं असतं किंवा गंज धरलेला असतो. फेऱ्यात एकाच ठिकाणी अडत असेल तर पुंगळ्या ढकलणारा दांडा वाकलेला असण्याची शक्यता जास्त. रिकाम्यात मोकळा फिरतो पण सहा डमी काडतुसं घातल्यावर अडतो, तर दोष पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीखाली असतो. न जळलेल्या दारूचे दोन-चार कण तिच्याखाली गेले की चांदणी पूर्ण बसत नाही, काडतुसं किंचित मागे राहतात आणि मागच्या पोलादी भिंतीला घासतात. डमीने मोकळा, पण खऱ्या काडतुसांनी अडणारा रिव्हॉल्व्हर असेल, तर एखाद्या काडतुसाचा प्रायमर वर आलेला असतो. ते काडतूस वापरायचं नाही.

चांदणी उचलून तिच्याखालची जागा नायलॉनच्या सुक्या ब्रशने साफ करा. ओल्या ब्रशने कण तिथेच चिकटतात. हे कण तिथे जातात ते पुंगळ्या काढण्याच्या पद्धतीमुळे. आपल्याकडचा ३२ बोअरचा सरकारी कारखान्याचा रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडतो. नळी खाली झुकवून तो उघडला की सिलिंडरची मागची बाजू वर येते आणि घाण चांदणीखाली पडते. कधी अख्खी पुंगळी परत आत घसरते आणि तिची कड चांदणीखाली अडकते. म्हणून उघडताना हत्यार कुशीवर वळवा आणि दांडा शेवटपर्यंत एका दमात ढकलला जाऊ द्या.

चूक तिसरी: फुसक्या बारावर लगेच पुन्हा चाप

रेंजवर नुसता "टक" आवाज आला तर पिस्तूल असो वा रिव्हॉल्व्हर, तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. ओलावा लागलेलं काडतूस उशिराही पेटू शकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये लगेच चाप ओढला तर ते काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं, आणि तिथे पेटलं तर गोळीला जायला नळीच नसते.

याहून वाईट म्हणजे दबका आवाज आणि हाताला जवळजवळ धक्काच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पिस्तुलात अशा वेळी धक्का अपुरा पडल्याने स्लाइड बहुधा पुरती मागे जात नाही आणि यंत्रणा थांबते. लोक ज्याला पिस्तुलाचा भरवसा नसणं म्हणतात, तेच इथे वाचवतं. रिव्हॉल्व्हर मात्र पुढचं काडतूस निमूटपणे समोर आणतो आणि ते अडकलेल्या गोळीवर उडालं की नळी फुगते किंवा फुटते. असा आवाज आला की गोळीबार तिथेच बंद. हत्यार रिकामं करून नळी आरपार दिसते का, ते मागच्या बाजूने पाहायचं.

न उडालेल्या काडतुसावरचा खळगाही पाहून ठेवा. खोल आणि मध्यावर असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा फायरिंग पिनच्या वाटेत तेल घट्ट झालंय. रिव्हॉल्व्हरमध्ये खळगा एका बाजूला असेल तर घर नळीसमोर नीट येत नाही. यावर घरी काहीही करू नका.

चूक चौथी: मॅगझिनचा दोष पिस्तुलाच्या माथी

दोन मॅगझिन असतील तर त्यांवर १ आणि २ आकडे टाका. अडथळा एकाच आकड्याला येत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे. मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेत का, आत धूळ आहे का, ते पाहा.

३२ एसीपी काडतुसाची कड बुडापेक्षा किंचित रुंद असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी वरचं पुढे सरकत नाही. वरचं काडतूस बोटाने दाबून पाहा. टोक हलत नसेल तर मॅगझिन रिकामं करून पुन्हा भरा, प्रत्येक कड खालच्या कडेच्या पुढे ठेवून. हे काडतूस आणि रिव्हॉल्व्हरचं ३२ स्मिथ अँड वेसन लाँग ही वेगळी काडतुसं आहेत. दोन्ही "३२"च म्हणून विकली जातात, तेव्हा डबीवरचं पूर्ण नाव वाचा.

चूक पाचवी: तेलाची आंघोळ

वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण, असं वाटतं. स्लाइडच्या खाचांना प्रत्येकी एक थेंब आणि बाहेरून पुसट हात पुरतो. चेंबर, सिलिंडरची घरं आणि फायरिंग पिनची वाट कोरडी हवी. पातळ, आत झिरपणारं स्प्रे तेल काडतुसांजवळ नकोच. ते प्रायमरमध्ये उतरून काडतूस निकामी करतं. पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही. चामडं ओलावा धरतं आणि गंज बरोबर त्याच्या आकारात उमटतो. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेली बंद पेटी बरी, पण दर १५ दिवसांनी उघडून पाहायची.

रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर घोडा पूर्ण मागे गेल्यावरही जागच्या जागी पक्का बसत नसेल, नळीच्या मुळाशी शिशाचे कण उडत असतील, किंवा नळी आणि सिलिंडरमधली फट फिलर गेजने पाव मिलिमीटरच्या वर भरत असेल, तर कानस-हातोडी हाती घेऊ नका. हत्यार मूळ परवान्यासह शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच न्या, आणि ठेवून यायचं असेल तर हत्याराच्या क्रमांकासह पावती घ्या.