गोळाभाताचं फोडणीचं तेल: मोहरी कधी, हिंग कधी, हळद कधी

नागपुरात गोळाभात वाढला की सोबत वाटीत फोडणीचं तेल हवंच. गोळा भातात कुस्करायचा आणि वरून ते तेल घ्यायचं. ही फोडणी वरणाच्या फोडणीपेक्षा अवघड असते. वरणावर ओतलेली फोडणी पाण्याने क्षणात निवते, म्हणजे जिरं जरा पुढे गेलं असलं तरी तिथेच थांबतं. इथे तेल तेलातच राहतं. गॅस बंद केल्यावरही अर्धी वाटी तेल बराच वेळ तापलेलं असतं आणि आतले जिन्नस तळले जात राहतात. म्हणून प्रत्येक जिन्नस हवा त्याच्या जरा आधी थांबवावा लागतो.

चार माणसांसाठी अर्धी वाटी शेंगदाण्याचं तेल, एक चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरं, चार-पाच सुक्या लाल मिरच्या, पाव चमचा हिंग आणि पाव चमचा हळद घ्या. मिरची भिवापुरी मिळाली तर उत्तम, आपल्याच जिल्ह्यातली आहे. अर्ध्या वाटीतलं दोन मोठे चमचे तेल बाजूला काढून ठेवा, ते कच्चंच लागणार आहे. सगळं मोजून गॅसजवळ मांडा. मोहरी तडतडायला लागल्यावर हिंगाची डबी शोधायला वेळ नसतो.

उरलेलं तेल लहान कढईत मध्यम आचेवर तापवा आणि दोनेक मिनिटांनी मोहरीचा एकच दाणा टाकून पाहा. दाणा तळाशी मुकाट बसला तर तेल कच्चं आहे. त्याच्याभोवती लगेच बुडबुडे आले आणि दोन-तीन सेकंदांत तो तडकला तर तेल तयार आहे, साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस. टाकताक्षणी काळा पडून उडाला, किंवा तेलावर धूर दिसला, तर गॅस बंद करा आणि तेल निवू द्या. धुराच्या तेलाला घाईने जिन्नस देऊ नका.

मोहरी पहिली, कारण तिला सगळ्यात जास्त उष्णता लागते. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, टरफल फुटतं, तोच तडतडाट. न तडकलेली मोहरी दाताखाली कडवट लागते. सगळी मोहरी घालून झाकण तिरपं धरा. पंधरा-वीस सेकंदांत आवाज जोरात येऊन मग विरळ होतो. विरळ होताच गॅस बंद. इथून पुढचं सगळं तेलाच्या उरलेल्या उष्णतेवर होतं.

लगेच जिरं. पाच-सहा सेकंदांत ते फुलतं, एक छटा गडद होतं, वास येतो. तपकिरी चांगलं, काळं झालं की सगळं तेल कडू. त्यावरच मिरच्या, देठ काढून, दोन तुकडे करून. मिरची फुगते आणि गडद लाल होते, याला आठ-दहा सेकंद पुरतात. ठसका लागला तर समजा ती जळायला लागली.

आता बाजूला ठेवलेलं कच्चं तेल ओता. त्याने कढईतलं तेल एकदम खाली येतं. मग हिंग घाला, दोन-तीन सेकंद फुलू द्या आणि शेवटी हळद. हळद बारीक पूड असल्याने गरम तेलात क्षणात करपते. आधी चिमूटभरच टाकून पाहा. पिवळी राहिली आणि तेलाला रंग आला तर बाकीची घाला. तपकिरी पडली तर आणखी अर्धा मिनिट थांबा.

कच्च्या तेलाची ही युक्ती मी एका पावसाळी रविवारी चुकूनच शिकले. गॅस बंद केला, निर्धास्त झाले आणि ताटं घेईपर्यंत हळद तांबूस-काळी. तेल गाळून पाहिलं, पण कडवटपणा तेलातच उतरलेला होता, गाळण्याने गेला नाही. ते फेकून दुसरी फोडणी केली आणि त्या वेळी घाईत वरून कच्चं तेल ओतलं. ती फोडणी उत्तम जमली.

हळद पडली की तेल लगेच कोरड्या स्टीलच्या वाटीत काढा, कारण लोखंडी कढई तापच देत राहते. वाटीत पाण्याचा थेंबही नको, तेल अंगावर उडेल. आणि कधी तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर झाकण ठेवा, पाणी टाकू नका.

वाढताना चमचा तळापासून फिरवून घ्या. मोहरी, जिरं, हळद तळाशी बसतात आणि वरचं नुसतं तेल ताटात जातं.