या चुका टाळा: कालानुक्रमी रेझ्युमे कौशल्यप्रधान करताना

कालानुक्रमी रेझ्युमे उघडला की वाचणाऱ्याची नजर आधी सर्वांत अलीकडच्या पदनामावर जाते. क्षेत्र बदलू पाहणाऱ्याची अडचण नेमकी तिथेच सुरू होते, कारण ते पदनाम अर्ज केलेल्या पदाशी जुळत नाही आणि त्याखाली कितीही उपयोगी काम लिहिलेले असले तरी तिथपर्यंत कोणी पोहोचेलच असे नाही. यावर उपाय म्हणून कौशल्ये वर आणि नोकऱ्यांचा क्रम खाली अशी मांडणी सुचवली जाते. उपाय योग्य आहे, पण तो अमलात आणताना बरेच जण मजकूर फक्त वरखाली करतात, आणि हाती येणारा कागद कधी कधी आधीच्यापेक्षा कमी विश्वासार्ह ठरतो.

बोलणे मोघम राहू नये म्हणून एकच कल्पित उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. एक पॅथॉलॉजी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. तिने 2014 ते 2018 एका छोट्या प्रयोगशाळेत आणि 2018 ते 2024 एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केले. आता तिला सॉफ्टवेअर टेस्टर व्हायचे आहे. तिच्या जुन्या रेझ्युमेत रुग्णालयाच्या नोकरीखाली नऊ ओळी आहेत: रक्ताचे नमुने तपासणे, यंत्रांचे कॅलिब्रेशन करणे, रोजचे कंट्रोल लावणे वगैरे. सातवी ओळ अशी आहे: ‘प्रयोगशाळेच्या नवीन सॉफ्टवेअरच्या वेळी मदत केली.’

तारखा गाळणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कौशल्ये पुढे आणायची म्हटल्यावर काही जण नोकऱ्यांचा भाग जवळजवळ काढूनच टाकतात; संस्थांची नावे राहतात, पण महिने आणि वर्षे जातात. निव्वळ कौशल्यांवर उभ्या असलेल्या अशा रेझ्युमेकडे भरती करणारे संशयानेच पाहतात. तारखा दिसल्या नाहीत की काहीतरी झाकले आहे असे त्यांना वाटते, आणि नोकरीतील ज्या खंडाबद्दल कदाचित कोणी विचारलेही नसते त्याच्याकडेच लक्ष जाते.

म्हणून करायची ती मिश्र मांडणी. वर दोन-तीन ओळींचा परिचय, त्याखाली कौशल्यांचे तीन किंवा चार गट, आणि त्यानंतर नोकऱ्यांचा छोटा पण पूर्ण क्रम. त्यात पदनाम, संस्था, सुरुवातीचा आणि शेवटचा महिना व वर्ष हे सगळे हवे; प्रत्येक नोकरीखाली कामाच्या स्वरूपाची एक ओळ पुरते. खंड असेल तर तोही त्याच क्रमात एका साध्या ओळीत सांगावा, उदाहरणार्थ ‘टेस्टिंगचे पूर्णवेळ प्रशिक्षण’ आणि त्याचे महिने.

गुणांनाच कौशल्ये समजणे

‘उत्तम संवाद’, ‘संघभावना’, ‘बारकाईने काम करण्याची सवय’ ही शीर्षके दिसायला चांगली असली तरी ती कोणत्याही अर्जावर चालतात, आणि म्हणूनच कोणत्याच अर्जावर उपयोगी पडत नाहीत. शीर्षके स्वतःच्या मनातून न काढता जाहिरातींतून काढावीत. ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे त्याच्या आठ-दहा जाहिराती समोर घेऊन त्यांतली क्रियापदे अधोरेखित करावीत. टेस्टरच्या जाहिरातींत टेस्ट केस लिहिणे, दोष नोंदवणे, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणे, डेटाबेसमधील माहिती पडताळणे अशी कामे वारंवार येतात. त्यांतली जी कामे दुसऱ्या नावाने का होईना आपण प्रत्यक्ष केली आहेत, तेवढीच शीर्षके घ्यावीत. आपल्या तंत्रज्ञाला तीन मिळतात: ठरलेल्या पद्धतीने पडताळणी, दोष शोधणे व नोंदवणे, आणि नोंदी व दस्तऐवज. चौथे शीर्षक केवळ जागा भरण्यासाठी घालू नये.

जुन्या ओळी उचलून नव्या शीर्षकाखाली ठेवणे

खरे श्रम इथे आहेत आणि टाळाटाळही इथेच होते. जुनी ओळ जुन्या क्षेत्रातल्या माणसासाठी लिहिलेली असते. ‘रोज सकाळी कंट्रोल लावणे’ या शब्दांचा अर्थ दुसऱ्या तंत्रज्ञाला लगेच कळतो; टेस्टिंगच्या प्रमुखाला त्यातून काहीच कळत नाही. वास्तविक कंट्रोल म्हणजे ज्याचे अपेक्षित मूल्य आधीच माहीत आहे असा नमुना. रुग्णांचे नमुने घेण्यापूर्वी तो यंत्रातून काढतात आणि आलेले मूल्य ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तर कारण सापडेपर्यंत त्या चाचणीचे रिपोर्ट थांबवतात. अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, फरक, आणि फरक आढळल्यावर थांबणे: टेस्टरच्या रोजच्या कामाचाही हाच सांगाडा आहे. मात्र हे साम्य वाचणाऱ्याने ताडावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, ते ओळीतच दिसले पाहिजे.

आता त्या सातव्या ओळीकडे येऊ. ‘मदत केली’ म्हणजे काय केले, असे तिला विचारले तर निघणारी हकीकत अशी. 2021 मध्ये नवे सॉफ्टवेअर आले तेव्हा दोन आठवडे जुनी आणि नवी पद्धत एकाच वेळी चालवली गेली. यंत्राने छापलेले आकडे आणि नव्या सॉफ्टवेअरमधील रिपोर्ट ती रोज ताडून पाहत होती. त्यात तिला दिसले की लहान मुलांच्या जवळजवळ प्रत्येक रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज या रक्तातील घटकापुढे ‘जास्त’ अशी खूण येत आहे. वाढत्या वयात हाडांच्या वाढीमुळे हे मूल्य प्रौढांपेक्षा जास्त असणे स्वाभाविक असते. सॉफ्टवेअर मुलांनाही प्रौढांची मर्यादा लावत होते. आकडा बरोबर होता, खूण चुकीची होती. तिने वयानुसार उदाहरणे जमा करून ती सॉफ्टवेअर पुरवठादाराकडे पाठवली आणि दुरुस्तीनंतर तेच नमुने पुन्हा तपासले.

हे केवळ टेस्टिंगसारखे नाही. हे टेस्टिंगच आहे, आणि ते नऊपैकी सातव्या ओळीत ‘मदत’ या शब्दाखाली दडले होते. नव्या मांडणीत ‘दोष शोधणे व नोंदवणे’ या गटातली पहिली ओळ अशी होईल:

‘नव्या प्रयोगशाळा सॉफ्टवेअरच्या दोन आठवड्यांच्या समांतर चाचणीत यंत्राचे आकडे व रिपोर्ट ताडले, मुलांच्या रिपोर्टना प्रौढांची संदर्भ मर्यादा लागत असल्याचा दोष उदाहरणांसह नोंदवला आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळला. रुग्णालय प्रयोगशाळा, 2021.’

ओळीच्या शेवटी ठिकाण आणि वर्ष आहे, ते शोभेसाठी नाही. कौशल्यप्रधान मांडणीत काम त्याच्या नोकरीपासून तुटते, आणि ‘हे नेमके कुठे केले?’ हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात प्रत्येक ओळीला उभा राहतो. ओळींना असा दुवा दिला की खालच्या क्रमाशी त्यांचा मेळ बसतो. ज्या ओळीला दुवा देता येत नाही ती बहुधा काम नसून स्वतःबद्दलचे मत असते. ती काढलेली बरी.

भाषांतराचा अतिरेक

याच्या उलट टोकाची चूकही पाहायला मिळते. साम्य सापडले या आनंदात जुने पदनामच बदलून ‘गुणवत्ता अभियंता’ असे लिहिले जाते. पदनाम हे संस्थेने दिलेले असते आणि पूर्वीच्या नोकरीची पडताळणी होताना तेच विचारले जाते; तिथे विसंगती निघाली तर पुढचे सगळेच शंकास्पद ठरते. शब्द बदलायचे ते कामाच्या वर्णनातले. पदनाम, संस्था आणि तारखा जशा होत्या तशाच राहतात.

नव्याने शिकलेल्या गोष्टींनाही हेच लागू आहे. एसक्यूएल ही डेटाबेसमधील माहिती काढण्याची भाषा तीन महिने शिकून पाचपैकी चार तारे भरून दाखवण्यात अर्थ नाही, कारण ते तारे कोणत्या मोजपट्टीवरचे आहेत हे कोणालाच माहीत नसते. त्याऐवजी सरावासाठी घेतलेल्या एखाद्या संकेतस्थळाच्या लॉगिन पानासाठी किती टेस्ट केस लिहिल्या आणि त्यांतून कोणते दोष सापडले हे दोन ओळींत लिहावे, आणि तो सराव प्रकल्प होता हे स्पष्ट सांगावे.

सजावटीत मजकूर हरवणे

कौशल्ये डावीकडच्या रंगीत पट्टीत आणि नोकऱ्या उजवीकडे, असे तयार साचे पुष्कळ मिळतात. अनेक ठिकाणी अर्ज आधी एखादी प्रणाली वाचते, मग माणूस. दोन स्तंभ, तक्ते आणि मजकूर चौकटी असतील तर काही प्रणाली ओळी एकमेकींत मिसळून वाचतात. पानाच्या शीर्षपट्टीत ठेवलेला फोन नंबर कधी कधी वाचलाच जात नाही. तपासण्याचा उपाय सोपा आहे. फाइलमधील सगळा मजकूर निवडून तो साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवावा. तिथे कौशल्याच्या ओळीनंतर मध्येच एखाद्या नोकरीची तारीख आली, तर मांडणी एका स्तंभात आणावी. नोकऱ्यांच्या भागाला ‘माझा प्रवास’ असे काव्यात्म नाव देण्याचा मोहही आवरावा. ‘कार्यानुभव’ हेच शीर्षक माणसाला आणि प्रणालीला दोघांनाही कळते.

प्रतिसादावरून दोष ओळखणे

रेझ्युमे पाठवायला लागल्यावर कुठे बिघडले आहे याचा अंदाज येणाऱ्या प्रश्नांवरून बांधता येतो. मुलाखतीची पहिली दहा मिनिटे ‘या वर्षी तुम्ही कुठे होता?’ यातच जात असतील, तर नोकऱ्यांचा क्रम अपुरा आहे. ‘प्रयोगशाळेत तुम्ही नेमके काय करत होता?’ असे सगळेच विचारत असतील, तर ओळी अजून जुन्याच भाषेत आहेत. ओळखीतून थेट पाठवलेल्या अर्जांना उत्तरे येतात पण अर्ज-प्रणालीतून भरलेल्यांना मुळीच येत नाहीत, असे दिसले तर आधी टेक्स्ट एडिटरची चाचणी करावी, मग शीर्षके पुन्हा जाहिरातींशी ताडून पाहावीत. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते समजणार नाही.

सगळे नीट असूनही उत्तर येत नसेल तर जाहिरातच पुन्हा वाचावी. जिथे ठरावीक परवाना किंवा त्याच पदावरचा ठरावीक वर्षांचा अनुभव ही किमान अट आहे, तिथे मांडणी बदलून ती अट पूर्ण होत नाही. आपल्या तंत्रज्ञाने ‘टेस्टर म्हणून पाच वर्षे’ मागणाऱ्या जाहिराती सोडून रुग्णालये आणि प्रयोगशाळा यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडील नवख्या टेस्टरच्या जागा धराव्यात. अल्कलाइन फॉस्फेटेजची ती ओळ तिथे कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.