पगार वाढला, खर्च तेवढाच

प्रमोशननंतर हातात येणारा पगार 52,000 वरून 61,000 झाला, तरी महिनाअखेरीस शिल्लक पूर्वीइतकीच, असं माझं दोनदा झालं. आता असं करते:

1. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि त्याचं कार्ड कपाटात. रोजच्या खर्चाला दुसरं खातं.
2. पगार झाला की दुसऱ्या दिवशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने जुन्या खर्चाएवढेच 44,000 तिकडे जातात.
3. वाढीव 9,000 त्याच दिवशी रिकरिंगमध्ये. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण खात्यात दिसणारा पैसा संपतोच.

घरभाडं किंवा शाळेची फी वाढली, तर 44,000 तेवढ्यानेच वाढवते. नव्या फोनच्या हप्त्यासाठी नाही.

मात्र वाढीचा आकडा पहिल्या स्लिपवरून धरू नका. तिच्यात थकबाकी मिसळलेली असू शकते. दुसऱ्या महिन्याची बघा.