शिवीगाळीचा कॉल तिथेच संपवताना

सांगलीत विश्रामबागेतल्या कॉल सेंटरमध्ये मी डीटीएच रिचार्जच्या तक्रारी घेते. शिवीपेक्षाही मला जास्त जाळत असे ते शिवी ऐकून लगेच ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य हसऱ्या आवाजात म्हणणे, कारण ते गाळले की कॉल तपासणारे गुण कापतात. गिळलेले उत्तर मग संध्याकाळी सांगलीवाडीतल्या घरी मुलांवर निघे.

स्क्रिप्टमध्येच इशाऱ्याचे वाक्य असते, ते कधी वापरायचे हे मी टीम लीडरकडून लेखी घेतले. परवा एकाने आईवरून शिवी दिली, तेव्हा आवाज मुद्दाम खाली आणून मी म्हटले, “साहेब, तुमचे रिचार्ज मी तपासतेच आहे, पण अशी भाषा राहिली तर मला कॉल बंद करावा लागेल.” तो वरमला. न वरमणारेही असतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे दुसऱ्या इशाऱ्यानंतर कॉल तोडण्याची मुभा आहे.

कॉलनंतर नोंदीसाठी मिळणाऱ्या थोड्या वेळात शिवी जशीच्या तशी आणि इशाऱ्याची वेळ मी शेऱ्यात लिहिते. गुण कापले गेले तर त्यावर दाद मागता येते आणि तोच वाद घरी पुन्हा मनात घालावा लागत नाही. कॉलची रांग लागली की मात्र हा वेळच उरत नाही. अशा दिवशी चहाच्या सुट्टीत, निघण्यापूर्वी, राहिलेले शेरे मी पूर्ण करते.