भाजणीची दोन पाकिटं आणि नव्वद सेंटिमीटरची फळी

पॅकेजिंग डिझाइनमध्ये नव्याने आलेल्यांना सुरुवातीला जी कामं मिळतात, त्यात शेल्फ मॉकअप असतोच. म्हणजे आपलं नवं पाकीट सुपरमार्केटच्या फळीवर बाकीच्या पाकिटांमध्ये कसं दिसेल, याचं चित्र. माझ्याही वाट्याला पहिल्या तीन महिन्यांत ते आलं. थालिपीठाच्या भाजणीचा अर्धा किलोचा पाऊच होता. करणाऱ्या काकू बारा वर्षं घरून भाजणी विकत होत्या आणि आता एका मोठ्या दुकानात माल ठेवायला मिळणार होता.

मी काय केलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. इंटरनेटवरून फळ्यांचा एक फोटो घेतला. मधली फळी रिकामी केली, तिथे आमचे सहा पाऊच ओळीने मांडले, सहाही एकाच फाइलचे. शेजारच्या कंपन्यांचे रंग थोडे फिके केले आणि आमच्यावर हलका प्रकाश पाडला. काकू खूश झाल्या. स्टुडिओतले दादा मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "सहा फेसिंग कोण देतंय गं आपल्याला?"

फेसिंग म्हणजे समोरून दिसणारी पाकिटं. मागे दहा उभी असली तरी समोर दोन दिसत असतील, तर ती दोन फेसिंग. ज्याचा माल जास्त खपतो त्याला दुकानदार जास्त फेसिंग देतो, आणि मोठ्या कंपन्या त्या जागेसाठी पैसेही मोजतात. नवा माल, तोही एकच वजन आणि एकच चव, अशा वेळी दोन फेसिंग मिळाली तरी पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टी घेऊन दुकानात गेले. (आधी मॅनेजरना विचारा. मी विचारलं नव्हतं आणि दाराशी बसलेल्या काकांनी मोबाइल खिशात ठेवायला लावला.) रेडी मिक्सच्या रॅकची एक फळी ९० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल भरली. दोन फळ्यांमध्ये साधारण ३० सेंटिमीटर अंतर होतं आणि फळीच्या पुढच्या कडेला किमतीच्या चिठ्ठ्या अडकवायची चार सेंटिमीटरची पट्टी. आमचा पाऊच भरल्यावर १६ सेंटिमीटर रुंद आणि २२ उंच होत होता. नुसत्या गणिताने पाहिलं तरी सहा पाऊचना ९६ सेंटिमीटर लागतात. म्हणजे माझ्या चित्रातली फळी खऱ्या रॅकमध्ये बसतच नव्हती, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग खरी मांडणी अशी केली: डाव्या बाजूला ढोकळा मिक्सचे खोके, ११ सेंटिमीटरचा एक, असे तीन. मध्ये आमचे दोन. उजवीकडे दुसऱ्या कुणाच्या उपवासाच्या भाजणीचा १५ सेंटिमीटरचा एक पाऊच. बेरीज झाली ८०. उरलेले दहा सेंटिमीटर मोकळेच ठेवायचे, कारण खोके एकमेकांना चिकटून बसतात पण पाऊच तसे बसत नाहीत, त्यांच्यामध्ये बोटभर फट राहतेच. फळी नीट भरलेली आणि तरी थोडी विस्कटलेली दिसली की चित्र खरं वाटायला लागतं.

विस्कटलेपणाही आपल्याच हाताने आणावा लागतो. एकच पाऊच दोनदा चिकटवला तर वरच्या कोपऱ्यातली सुरकुती दोन्हींवर तंतोतंत सारखी येते, आणि नजर ती लगेच पकडते. मी तेव्हापासून प्रत्येक पाऊचचे तीन फोटो काढते: एक जसा आहे तसा, एक थोडा मागे रेललेला, एक पीठ एका बाजूला सरकलेला. त्यासाठी प्रिंट चिकटवलेला डमी पाऊच खऱ्या पिठाने भरावाच लागतो. रव्याने किंवा कापसाने भरलेला वेगळा फुगतो. आणि जी शिस्त आपल्या पाकिटाला लावाल, तीच शेजारच्यालाही. त्यांचे रंग फिके करणं ही लबाडी आहे. ती क्लायंटला कळत नाही, पण दुकानात उघडी पडते. मी शेजारची सगळी पाकिटं विकत आणून घरच्याच उजेडात त्यांचे फोटो काढले. महिनाभर घरी ढोकळा झाला.

आता आय लेव्हल. क्लायंट हमखास म्हणतो, "आय लेव्हलला दाखवा." पण कुणाच्या डोळ्यांच्या? आपल्याकडे बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास धरतात. डोळे डोक्यापासून दहा-बारा सेंटिमीटर खाली, म्हणजे जमिनीपासून साधारण १४० वर. आपण उभे असताना नजर सरळ समोर नसते, जरा खालीच असते. त्यामुळे हाताला आणि नजरेला सोपी फळी बहुधा ११० ते १४० सेंटिमीटरच्या पट्ट्यात येते. माझ्या पहिल्या चित्रात कॅमेरा होता १७० वर, कारण मी वापरलेला फोटो कुणा उंच माणसाने काढला होता.

आता मी कॅमेरा १४० वर आणि रॅकपासून १२० सेंटिमीटर अंतरावर ठेवते. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स धरली तर त्या अंतरावरून सुमारे १२३ सेंटिमीटर रुंद आणि ८२ उंच भाग दिसतो: आपली ९० ची फळी, दोन्हीकडच्या शेजारच्या रॅकचा थोडा तुकडा, आणि वर-खालच्या फळ्यांचा भाग. ब्लेंडरमध्ये करा किंवा फोटोशॉपमध्ये, ही मापं आधी कागदावर लिहून घ्या. सगळं खऱ्या मापात असलं की पाकीट किती मोठं दिसावं यावर वाद होत नाही.

हे सगळं करून मी नवं चित्र दाखवलं. काकू म्हणाल्या, "अगं, दोनच का?" मी कारण सांगितलं. त्या थोड्या हिरमुसल्या, पण पटलं. खरी गंमत पुढे झाली. दुकानातून निरोप आला की माल खालून दुसऱ्या फळीवर लावणार, घरगुती पिठांची रांग तिथेच असते. आय लेव्हलची फळी मिक्सवाल्या मोठ्या कंपन्यांकडे होती.

खालून दुसरी फळी जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर. पाऊच २२ उंच, म्हणजे त्याचं डोकं ६७ वर. त्याच्या वरच्या फळीची किमतीची पट्टी जिथे संपते ती उंची ७४. गिऱ्हाईक रॅकपासून ८० सेंटिमीटरवर उभं, डोळे १४० वर. आता डोळ्यांपासून त्या पट्टीच्या खालच्या कडेवरून एक सरळ रेघ आत न्या. ८० सेंटिमीटर जाताना ती ६६ उतरली, म्हणजे दर सेंटिमीटरला जवळपास ०.८ उतरते. फळीच्या कडेपासून दहा सेंटिमीटर आत ती ६६ च्या जवळ येते, म्हणजे पाऊचचं फक्त टोक झाकलं जातं. पण पुढचे दोन-तीन पाऊच विकले गेले आणि उरलेला वीस सेंटिमीटर आत राहिला, तर रेघ ५७ वर येते. पाऊचचा वरचा जवळजवळ दहा सेंटिमीटरचा भाग गायब!

आणि माझ्या आर्टवर्कमध्ये वरच्या आठ सेंटिमीटरमध्ये काय होतं? काकूंच्या ब्रँडचं नाव.

उजेडाचंही तेच. ट्यूब छताला, रॅकच्या समोरच्या वाटेवर. वरच्या फळीची सावली खालच्या मालावर पडते आणि माल जितका आत सरकेल तितकी ती झपाट्याने खाली उतरते. ट्यूब तीन मीटर उंच आणि रॅकपासून ८० सेंटिमीटर पुढे धरली, तर दहा सेंटिमीटर आत असलेला आमचा पाऊच जवळपास पूर्ण सावलीत जातो. अंधार होत नाही, कारण फरशीवरून उजेड उसळतो, पण हळदी पिवळा रंग मातकट होतो. मॉनिटरवर चमकणारा माझा पिवळा तिथे खाकी दिसला असता.

तेव्हा आम्ही एकाऐवजी दोन चित्रं केली. एक समोरून, जसं क्लायंटला आवडतं. दुसरं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून खाली बघितल्यासारखं, पुढचे दोन पाऊच काढून टाकलेलं आणि वरच्या फळीची सावली पाडलेलं. दुसऱ्या चित्रात काकूंना स्वतःचं नाव सापडेना. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "नाव खाली घे."

नाव खाली घेतलं. पाऊच उभा राहावा म्हणून तळाला जी घडी असते ती गसेट. तळाचे चार-पाच सेंटिमीटर त्या गसेटच्या वळणात जातात, तिथली अक्षरं वाकतात. वरचं झाकलं जातं. मध्ये उरते तळापासून ५ ते १२ सेंटिमीटरची पट्टी, तिथे "थालिपीठ भाजणी" आणि ब्रँडचं नाव दोन ओळींत बसवलं. वर नुसता रंग आणि भाजलेल्या ज्वारी-बाजरी-डाळींचं चित्र. रंग एक घर गडद केला. मग दोन्ही चित्रं काळी-पांढरी करून, थोडी धूसर करून लांबून बघितली. ढोकळ्याच्या खोक्यांमध्ये पाऊच एक सलग डाग म्हणून वेगळा दिसतो का, एवढंच त्यात बघायचं. दिसत होता.

पोर्टफोलिओत टाकताना मात्र शेजारच्या खऱ्या पाकिटांच्या जागी मी स्वतः रचलेली खोटी पाकिटं घातली, त्याच मापांची आणि साधारण त्याच रंगांची. मीटिंगमध्ये खरी पाकिटं दाखवणं वेगळं आणि दुसऱ्याचा ट्रेडमार्क आपल्या जाहिरातीत वापरणं वेगळं.

माल लागल्यावर पंधरा दिवसांनी मी दुकानात गेले. आमचे पाऊच फळीवर उभे नव्हतेच. माल लावणाऱ्या पोराने ते आडवे घालून एकावर एक रचले होते, तळ पुढे करून. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, उभे केले की पडतात. एक गेला की मागचे सगळे झोपतात."

समोर दिसत होते फक्त गसेट, कोरे पिवळे. पुढच्या छपाईत त्यावरही नाव टाकलं, तळ समोर धरल्यावर सरळ वाचता येईल असं.