18 मिनिटांची पटकथा 11 वर आणली

खानापूरच्या जंगलात अस्वलाचं पिल्लू सापडलेल्या मुलीची ही ॲनिमेशनची गोष्ट. स्टॉपवॉच लावून, मूक हालचालीही करत वाचली तर 18 मिनिटं झाली. हवी होती 11. आधी संवाद छाटले, जेमतेम एक मिनिट वाचलं. मग प्रत्येक प्रसंगापुढे लिहिलं: यानंतर काय बदलतं? पिल्लू लपवणं, आजोबांना कळणं, परत सोडणं, या तीन प्रसंगांना हात लावला नाही. बेळगावच्या बाजाराचा प्रसंग माझा फार लाडका, पण त्यात काहीच बदलत नव्हतं. तसे तीन प्रसंग गेले. मात्र बाजारातल्या केळ्यांवरूनच आजोबांना संशय यायचा, तो दुवा तुटला. म्हणून गोठ्याच्या दारात त्यांच्या पायाखाली केळीची साल आणली. चार सेकंद, एकही शब्द नाही.