वीर्य पातळ, कमी किंवा रंग बदललेलं दिसतंय? आधी या चुका टाळा

लातूरच्या एका लॅबमध्ये वीर्य तपासणीचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. औशाकडच्या गावातून एक तिशीतला शेतकरी आला, लग्नाला तीन वर्षं झालेली. दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाला, "सर, पाण्यासारखं झालंय. धात जायलीय." हातात रिपोर्ट होता, त्यावर प्रमाण ०.७ मिली. सोबत पिशवीत बाजारातून आणलेल्या चूर्णाच्या दोन पुड्या.

मी आधी नमुना कसा दिला ते विचारलं. आदल्या रात्रीच संबंध झाला होता. सकाळी घरीच अरुंद तोंडाच्या बाटलीत नमुना घेतला, सुरुवातीचा भाग बाहेर सांडला आणि मग एसटीने यायला दीड तास गेला. त्या कागदावर त्याची तब्येत कमी आणि झालेल्या चुकाच जास्त उतरल्या होत्या.

त्याला पुन्हा बोलावलं. यावेळी तीन दिवसांचं अंतर, लॅबमध्येच रुंद तोंडाचा डबा, साबण-थुंकी-तेल काही नाही, साधा कंडोमही नाही, कारण त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. प्रमाण भरलं २.४ मिली. तपासणीसाठी २ ते ७ दिवसांचं अंतर धरतात आणि प्रमाणाची खालची मर्यादा साधारण १.४ मिली मानतात. रोज किंवा दिवसाआड वीर्यपात होत असेल तर कमीच येणार. त्यामुळे आजच्याची तुलना आठ दिवसांच्या खंडानंतरच्याशी करू नका.

घट्टपणाबद्दल सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची. वीर्य बाहेर पडल्यावर आधी गोठल्यासारखं चिकट होतं, कधी साबुदाण्यासारखे दाणे दिसतात. मग प्रोस्टेट ग्रंथीतल्या द्रवामुळे ते १५ ते ३० मिनिटांत आपोआप पातळ होतं. या शेतकऱ्याचं वीसाव्या मिनिटाला झालं, मी त्याला दाखवलंही. तो घरी अर्ध्या तासाने चादरीकडे बघून घाबरत होता, म्हणजे शरीर जे बरोबर करत होतं त्यालाच तो आजार समजत होता. उलट तासाभरानंतरही ते पातळ झालं नाही, किंवा काडीने उचलल्यावर दोन सेंटीमीटरपेक्षा लांब तार निघाली, तर डॉक्टरांना दाखवावं.

आपल्याकडे एक थेंब वीर्याला रक्ताचे चाळीस थेंब लागतात असं म्हणतात. तसं काही नसतं. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेटचा द्रव असतो, शुक्राणू असतात जेमतेम काही टक्के. म्हणूनच नसबंदी झालेल्या माणसाचं वीर्य दिसायला आधीसारखंच दिसतं. घट्ट म्हणजे मूल होणार आणि पातळ म्हणजे नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो. अशा भीतीपोटी लेबल नसलेलं चूर्ण किंवा जिममध्ये मिळणारं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका. त्या इंजेक्शनने शुक्राणू तयार होणंच बंद पडू शकतं.

एक तक्रार मात्र मी कधीच हलकी घेत नाही. सुख होतं पण बाहेर काहीच येत नाही, किंवा नेहमीपेक्षा अगदीच कमी येतं, आणि नंतरची लघवी गढूळ दिसते. यात वीर्य उलटं मूत्राशयात जात असतं. बऱ्याच वर्षांचा मधुमेह, प्रोस्टेटचं ऑपरेशन, किंवा लघवी मोकळी व्हावी म्हणून दिलेली टॅमसुलोसिनसारखी गोळी ही त्याची नेहमीची कारणं. गोळी मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

रंगाचं बोलायचं तर पांढरट-करडा हा नेहमीचा. फिकट पिवळा बहुतेक वेळा मोठ्या खंडामुळे किंवा लघवीचा अंश मिसळल्याने दिसतो. टीबीच्या औषधातलं रिफॅम्पिसिन लघवी, घाम आणि वीर्यसुद्धा नारिंगी करतं, त्याला घाबरून कोर्स सोडू नका. हिरवट रंग आणि सोबत दुर्गंधी, जळजळ किंवा ताप असेल तर संसर्गाची शक्यता जास्त.

लाल किंवा तपकिरी दिसलं की माणूस हादरतोच. तरुण माणसाला एकदाच दिसलं आणि दुसरा काही त्रास नसेल तर बहुतेक वेळा ते आपोआप जातं, आणि जुनं रक्त उतरताना काही आठवडे तपकिरी छटा राहते. पण वय चाळिशीच्या पुढे असेल, पुन्हा पुन्हा येत असेल, ताप असेल, अंडकोषात गाठ किंवा दुखणं असेल, लघवीतही रक्त असेल, तर थांबू नका. मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा आणि पहिल्यांदा कधी दिसलं, रंग कसा होता, कोणती औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. टीबी झाला असेल तर तेही न विसरता सांगा, कारण जननमार्गाच्या टीबीतही वीर्यात रक्त येतं.